कुंडीतली कॉफी: सावली, ताण आणि वर्षाकाठी पंधरा कप

आमच्या गुहागरच्या घरी पडवीच्या टोकाला कॉफीच्या दोन कुंड्या आहेत. येणारा माणूस आधी विचारतो, "हे कसलं झाड?" आणि सांगितलं की लगेच दुसरा प्रश्न येतो, "मग कॉफी मिळते का प्यायला?" मिळते, पण किती मिळते त्याचा हिशोब पुढे ग्रॅममध्ये दिला आहे. तो वाचूनच कुंडी घ्यायची की नाही ते ठरवा. नुसतं शोभेचं झाड हवं असेल तर कॉफी सोपी आहे. हिरवीगार, तकतकीत पानं वर्षभर राहतात. दाणे हवे असतील तर दोन गोष्टी नेमक्या कराव्या लागतात, आणि त्या ठाऊक नसल्यामुळे माझी पहिली चार वर्षं वाया गेली.

आधी झाड कुठलं घ्यायचं ते ठरवा

आपल्याकडे लागवडीत कॉफीच्या दोन जाती आहेत, अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिका ही डोंगरावरची बाई. साधारण पंधरा ते पंचवीस अंश तापमानात ती खूष असते. किनाऱ्यावर एप्रिल-मे मध्ये रात्रीसुद्धा घाम सुटतो, तिथे ती जगते, पण रमत नाही. ऐन कळीच्या वेळी उष्मा झाला तर तिची फुलं नीट उमलतच नाहीत. बारीक, हिरवट, चांदणीसारखी ताठ राहतात आणि त्यांना फळ धरत नाही. शिवाय पानांच्या मागे नारिंगी पूड दिसणारा तांबेरा तिला चटकन होतो. आंबोलीसारख्या उंचीवर घर असेल तर अरेबिका खुशाल लावा. समुद्राकाठी मी रोबस्टाच सांगेन. ती मुळातच सखल, उष्ण, दमट मुलखातली, वीस ते तीस अंशात वाढणारी.

रोबस्टाची एक अडचण आहे. तिचं झाड फार मोठं होतं आणि पानं तर वीतभराहून लांब. म्हणून कुंडीसाठी 'सी बाय आर' नावाचा प्रकार बरा. काँजेन्सिस नावाच्या कॉफीशी रोबस्टाचा संकर करून तो काढलेला आहे. झुडूप आटोपशीर राहतं, पानं लहान असतात. चिकमगळूर, कोडगू, सकलेशपूर या भागातल्या रोपवाटिकांत हे नाव घेतलं की त्यांना कळतं.

आता त्या दोन गोष्टींतली एक, जिच्यात माझी दोन वर्षं गेली. माझ्याकडे आधी रोबस्टाची एकच कुंडी होती. तिला फुलं आली ती इतकी, की फांद्यांवर कुणी कापूस चिकटवलाय असं वाटावं. मोगऱ्यासारखा वास पार विहिरीपर्यंत. आणि फळं आली अकरा. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच, फक्त फळं सात. मी खत बदललं, कुंडी हलवली, देवालाही सांगून पाहिलं. शेवटी सकलेशपूरकडच्या एका ओळखीच्या बागाईतदारांना फोन केला. त्यांनी पानांचं विचारलं नाही, खताचं विचारलं नाही. त्यांचा एकच प्रश्न होता: "ताई, झाड एकटंच आहे का?"

रोबस्टाला स्वतःचाच पराग चालत नाही. फुलात नर-मादी दोन्ही असतात, पण त्याच झाडाचा पराग त्याच झाडावर पडला तर फळ धरत नाही. वेगळ्या झाडाचा पराग यावा लागतो. जायफळ लावणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. एकटी मादी लावून उपयोग नाही, आगरात नर झाड लागतंच. कॉफीत नर-मादी झाडं वेगळी नसतात, एवढाच फरक. आणखी एक मेख आहे. दोन्ही रोपं एकाच झाडाच्या कलमाची किंवा छाटाची असतील तर ती दोन दिसली तरी एकच धरायची. म्हणून बियांपासून केलेली दोन रोपं घ्या, जमल्यास दोन वेगळ्या रोपवाटिकांतली. 'सी बाय आर'लाही हाच नियम लागू आहे.

जागा एकाच कुंडीपुरती असेल तर मग नाइलाजाने अरेबिकाची 'चंद्रगिरी' घ्या. ती बुटकी आहे आणि तिला स्वतःचा पराग चालतो. वर सांगितलेली उष्म्याची कटकट तिच्याबरोबर येते, एवढं लक्षात असू द्या.

बी पेरून सुरुवात करायची हौस अनेकांना असते. मलाही होती. एका दुकानातून मागवलेले कच्चे हिरवे दाणे मी पन्नास पेरले. त्यातला एकही उगवला नाही. प्यायच्या कॉफीसाठी विकलेले दाणे सोलून, वाळवून महिनोन्‌महिने पडलेले असतात, आणि कॉफीच्या बियांची उगवणशक्ती काही महिन्यांतच संपते. भाजलेल्या दाण्यांचं तर बोलायलाच नको. सात-आठ महिन्यांचं, पिशवीतलं, पानांच्या पाच-सहा जोड्या असलेलं रोप घ्यावं आणि मोकळं व्हावं. ते पावसाच्या सुरुवातीला आणलं तर प्रवासात सुकत नाही.

कुंडी आणि माती

कॉफीचं सोटमूळ सरळ खाली जातं, म्हणून कुंडी रुंद असण्यापेक्षा खोल हवी. पिशवीतलं रोप आधी दहा इंची कुंडीत एक वर्ष ठेवा, मग सोळा ते अठरा इंचीत हलवा. एकदम मोठ्या कुंडीत इवलं रोप लावलं तर मुळं नसलेली माती पावसात कायम ओली राहते आणि मुळं कुजतात. पिशवी फाडल्यावर सोटमूळ तळाशी वळून डुकराच्या शेपटीसारखं झालं असेल तर तेवढा भाग धारदार सुरीने सरळ कापा. नाहीतर झाड तीन वर्षांनी मधेच खंगतं आणि कारण सापडत नाही.

मातीच्या बाबतीत कोकणी माणूस नशीबवान आहे. कॉफीला आंबट, निचऱ्याची माती लागते आणि आपली जांभी माती नेमकी तशीच आहे. सहा घमेली जांभी माती, दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि एक घमेलं नदीची वाळू, एवढं पुरे. वाळू समुद्राची घेऊ नका. कोकोपीट घालायचं असेल तर दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या, त्यात मीठ असतं.

एक सवय मात्र मोडावी लागेल. चुलीतली किंवा बंबातली राख सगळ्या झाडांना घालायची आपली रीत आहे. माडाला, केळीला ठीक, पण कॉफीच्या कुंडीत राख नको आणि चुनाही नको. मातीचा आंबटपणा गेला की झाडाला लोह उचलता येत नाही. नवी पानं पिवळी पडतात, फक्त शिरा हिरव्या राहतात, जाळी काढल्यासारखं पान दिसतं. नव्या सिमेंटच्या कुंडीतूनही चुना सुटतो, म्हणून मी रंगाच्या वीस लिटरच्या रिकाम्या बादल्यांना भोकं पाडून त्यात रोपं वाढवली आणि नंतर अर्ध्या कापलेल्या पिंपात हलवली. दिसायला काही खास नाही, झाडाची तक्रार नाही.

उजेड

कॉफी हे जंगलातल्या मोठ्या झाडांखालचं झाड. माडा-पोफळीखाली जसा कवडसा पडतो, हलता, अर्धा ऊन अर्धी सावली, तसा उजेड तिला हवा. घराच्या पूर्वेला सकाळी साडेनऊ-दहापर्यंतचं ऊन मिळून पुढे सावली असेल तर त्याहून चांगली जागा नाही. गच्चीवर ठेवायची असेल तर पन्नास टक्क्यांची शेडनेट बांधावी लागेल. फ्लॅटमध्ये पूर्वेची गॅलरी चालते. घराच्या आत, खिडकीपासून चार हात दूर ठेवलेलं झाड पानांनी बरं दिसतं, पण त्याला कळी येत नाही.

ऊन जास्त होतंय की कमी, ते झाड सांगतं. जास्त झालं तर पानं फिकट होतात आणि उन्हाकडच्या बाजूला तपकिरी डाग पडतात, कागद भाजल्यासारखे. कमी झालं तर फांदीवर पानांच्या दोन जोड्यांमधलं अंतर लांबत जातं आणि फांदी लोंबते. ही लांबण महत्त्वाची, कारण कॉफीची फुलं पानांच्या बगलेत, म्हणजे त्या जोडीपाशीच येतात. जोड्या कमी म्हणजे फुलं कमी.

मग भरपूर ऊन देऊन भरपूर फुलं का घेऊ नयेत? मी तेही करून पाहिलं. उन्हातलं झाड खूप फळं धरतं, कुंडीतल्या मुळांना ती पोसवत नाहीत, आणि झाड फळांसाठी स्वतःची पानं झडवतं. फांद्या टोकाकडून काळ्या पडून वाळत येतात. सावली इथे लगामासारखं काम करते.

पावसाळ्यात मळभ इतकं असतं की शेडनेट काढून टाकलेली बरी. आणि किनाऱ्याला अगदी लागून घर असेल तर खाऱ्या वाऱ्याचा विचार करा. पश्चिमेकडून वारा थेट येत असेल तर पानांच्या कडा करपतात. घराची भिंत नाहीतर जास्वंदीचं कुंपण आड असलं की भागतं.

पाणी: वर्षाचे तीन भाग

कॉफीला पाणी किती, या प्रश्नाला एक उत्तर नाही. आपल्याकडे चार महिने आभाळ फाटतं आणि आठ महिने थेंब नाही. म्हणून महिन्यांप्रमाणे वागावं लागतं.

पावसाळ्यात पाणी देण्याचा प्रश्न नसतो, काढण्याचा असतो. कुंडी तीन चिऱ्यांच्या तुकड्यांवर उचलून ठेवा, म्हणजे खालची भोकं मोकळी राहतात. पागोळीखाली ठेवू नका. छपराचं सगळं पाणी एका जागी पडून माती खरवडली जाते आणि मुळं उघडी पडतात. आर्द्रात सलग झड लागली की मी कुंड्या पडवीच्या आत ओढून घेते. पानं खाली लोंबलेली आणि माती ओलीच, असं दिसलं तर ते तहानेचं लक्षण नव्हे. मुळं गुदमरलीत. तेव्हा लोक आणखी पाणी घालतात आणि झाड जातं.

याच दिवसांत पानं काळी पडून गळतात, पण खाली न पडता बुरशीच्या बारीक तंतूंवर फांदीलाच लटकून राहतात. हा कॉफीचा काळा कूज रोग. बागाईतदार त्यालाही कोळेरोगच म्हणतात. सुपारीच्या कोळ्याचं आणि याचं नाव एक असलं तरी बुरशी वेगळी आहे. लटकलेली पानं हाताने काढून जाळा, झाडाच्या मधोमधची गर्दी छाटून वारा खेळता करा. पोफळींसाठी एक टक्का बोर्डो मिश्रण घरी करतच असाल, तर पाऊस लागण्याआधी त्याचाच एक हात कॉफीवरही मारा.

दिवाळीनंतर शिंपणं सुरू होतं. सोळा इंची कुंडीला दिवसाआड दोन लिटर, हा माझा अंदाज. पण बोट खुपसून पाहणं खरं: दोन पेरांपर्यंत कोरडं लागलं की द्यायचं. मे महिन्यात हेच रोज द्यावं लागतं. कुंडीत सुका पाला दोन बोटं जाड पसरा. खाडीजवळच्या विहिरी एप्रिलनंतर मचूळ होतात आणि ते पाणी कॉफीला सोसत नाही. पानांचे शेंडे करपायला लागले की आधी विहिरीचं पाणी चाखून पाहा.

तिसरा भाग म्हणजे ताण.

ताण आणि फूल

आंब्याला ताण बसल्याशिवाय मोहोर नाही, हे आपल्याकडे कुणालाही सांगावं लागत नाही. कॉफीचं तसंच आहे, फक्त तिला शेवटी एक झटका लागतो. थंडीच्या दिवसांत पानांच्या बगलेत हिरव्या बारीक कळ्या येतात. वातीच्या टोकाएवढ्या, पाच-सहा मिलिमीटर वाढतात आणि मग थांबतात, झोपल्यासारख्या. कोरड्या दिवसांनंतर एकदम भरपूर पाणी मिळालं की त्या जाग्या होतात आणि आठ-दहा दिवसांत सगळ्या मिळून उमलतात. कर्नाटकातल्या मळ्यांत हे काम मार्च-एप्रिलचा वळीव करतो आणि बागाईतदार त्याची वाट पाहत बसतात. आपल्याकडे त्या वेळी पाऊस नसतो, म्हणजे सूत्र आपल्या हातात. बागेत हे जमवणं कठीण. कुंडीत सोपं आहे.

मी जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंत, जवळपास सहा आठवडे, पाणी तोडते. एकदम बंद नाही. कुंडीत माती थोडी असते, पूर्ण बंद केलं तर झाड मरेल. दुपारी पानं मलूल झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ताठ झाली तर हात आवरा. सकाळीही मलूलच असतील तर अर्धा लिटर द्या, जास्त नाही. या काळात रोज थोडं थोडं शिंपडणं हे सगळ्यात वाईट. काही कळ्या जाग्या होतात, काही झोपून राहतात. महिनाभर चार-चार फुलं येत राहतात आणि समोरच्या झाडावर त्या दिवशी एकही नसतं. घरातल्यांना हे बजावून ठेवा. आमच्या सासूबाईंना वाळलेली माती बघवायची नाही, आणि मला न सांगता त्या तांब्याभर पाणी घालायच्या.

झटक्याचं पाणी किती? मळ्यात फूल येण्यासाठी पंचवीस ते चाळीस मिलिमीटर पाऊस लागतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. सोळा इंची कुंडीचं तोंड साधारण चाळीस सेंटीमीटर, म्हणजे त्याचं क्षेत्रफळ चौरस मीटरचा आठवा हिस्सा. चाळीस मिलिमीटरचे झाले पाच लिटर. ते एकदम ओतलं तर सुकलेल्या मातीच्या कडेने खाली निघून जातं. मी संध्याकाळी अडीच लिटर झारीने, पानांवरूनसुद्धा, आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा अडीच लिटर देते. दोन्ही कुंड्यांना एकाच दिवशी. दोन झाडं एकत्र फुलली नाहीत तर दोन असून उपयोग नाही. पाणी कमी पडलं तर कळ्या अर्धवट फुगून सुकतात.

नंतर नेहमीचं शिंपणं सुरू ठेवा. गेल्या खेपेला मी १ आणि २ मार्चला पाणी दिलं आणि ९ तारखेला पहाटे वास आला. फुलं दोन-तीन दिवसच टिकतात. त्या सकाळी कुंड्या शेजारी शेजारी, फांद्या एकमेकींत शिरतील अशा ठेवा. रोबस्टाचा पराग वाऱ्यावरही उडतो. आमच्याकडे सातेरी माश्या येतात, तरी मी आठच्या सुमारास फांद्या हलक्या हाताने हलवते आणि रंगाच्या मऊ ब्रशने या झाडावरून त्या झाडावर फिरते. शेजारचे नाना म्हणतात, "लग्न लावतेस की काय?" तसंच आहे म्हणा ना.

फुलं गळल्यावर नवखी माणसं घाबरतात, कारण काहीच होत नाही. टाचणीच्या डोक्याएवढी हिरवी गाठ तिथे दीड-दोन महिने तशीच बसून राहते. ती मेलेली नसते. पाऊस लागला की फळं फुगू लागतात. रोबस्टाला फुलापासून पिकेपर्यंत दहा-अकरा महिने लागतात, म्हणजे मार्चचं फूल जानेवारीत लाल.

मधले महिने

झाडाला उभी मुख्य दांडी आणि आडव्या फांद्या असतात. फळं आडव्यांवर. दांडीच्या बगलेतून उभे फुटवे येत राहतात, ते बोटांनी मोडून टाका. तीन-साडेतीन फुटांवर शेंडा खुडा, म्हणजे आडव्या फांद्या जोर धरतात. एकदा फळ दिलेल्या पेरावर सहसा पुन्हा फळ येत नाही, म्हणून फांदी पुढे वाढत राहणं गरजेचं आहे.

खत फुलानंतर, पावसाच्या तोंडावर आणि पाऊस ओसरल्यावर, असं तीनदा. दर वेळी दोन ओंजळी शेणखत नाहीतर गांडूळखत आणि एक मूठ पेंड. मुसळधार पावसात दिलेलं सगळं वाहून जातं. पहिल्या फळाच्या वर्षी निम्मी फळं हिरवी असतानाच काढून टाका. जिवावर येतं, पण फांद्या वाचतात.

कीड म्हणाल तर कुंडीत पिठ्या ढेकूण. फळांच्या घोसात कापसासारखा पांढरा चिकटपणा आणि त्यावर मुंग्यांची रांग. मुंग्याच त्यांना पोसतात, म्हणून आधी मुंग्यांचा रस्ता तोडा, मग साबणाचं पातळ पाणी फवारा. आणि फळं लाल व्हायला लागली की रात्री उदमांजर येतं. त्याच्या विष्ठेतली कॉफी परदेशात महाग विकतात हे मलाही ठाऊक आहे. मी जाळी लावते.

दाणे: काढणी आणि हिशोब

पहिलं फळ रोप लावल्यापासून तिसऱ्या-चौथ्या वर्षी. पूर्ण लाल झालेलीच तोडा, आठवड्याच्या अंतराने तीन-चारदा. बादलीभर पाण्यात टाकून तरंगणारी बाजूला काढा. त्यांत दाणा पोकळ असतो.

मळ्यात फळं सोलून, आंबवून, धुऊन मग वाळवतात. किलोभर फळांसाठी तो खटाटोप करू नका. अख्खीच वाळवा, जशी सुपारी वाळवतो तशी. आपली जानेवारीची कोरडी हवा त्याला फार छान. चटईवर एक थर, दिवसातून चार वेळा हात फिरवायचा, संध्याकाळी दव पडायच्या आत घरात. पंधरा दिवसांनी फळं काळी, सुरकुतलेली होतात आणि मुठीत हलवली की खुळखुळतात. एक फोडून दाणा दाताखाली धरा. दाताची खूण उमटली तर अजून ओलं आहे. टणक लागून तुटला की झालं. मग खलबत्त्यात हलक्या हाताने कांडून सुपात पाखडा. दाण्यावरचं टरफलही निघायला हवं.

गेल्या जानेवारीचा माझ्या वहीतला हिशोब असा. दोन कुंड्या मिळून ताजी फळं १ किलो १२० ग्रॅम. वाळल्यावर ४८० ग्रॅम. कांडून, पाखडून हिरवे दाणे २४०. काळे, फुटके निवडून टाकल्यावर २२५. भाजल्यावर १८९. एका कपाला बारा ग्रॅम पूड धरली तर पंधरा कप, वर थोडी चिमूट. वर्षाकाठी. एकच कुंडी असती तर अकरा फळं, म्हणजे एक घोटही नाही.

भाजायला जाड लोखंडी कढई, मध्यम आच, आणि हात थांबवायचा नाही. दाणे आधी पिवळे होतात, गवताचा वास येतो. मग तपकिरी होत जातात आणि दहा-बारा मिनिटांनी लाह्यांसारखा तडतड आवाज सुरू होतो. तो ओसरल्यावर मिनिटभर थांबून लगेच चाळणीत ओता आणि पंख्याखाली गार करा. कढईतच ठेवले तर आतल्या आत जळतात. खिडक्या उघड्या ठेवा, धूर बराच होतो. दुसऱ्या दिवशी दळा. चव? रोबस्टा कडक, कडू, आणि तिच्यात कॅफिन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट. काळी प्याल तर तोंड वाकडं होईल. दाट दूध आणि थोडा गूळ घातला की आमच्या घरी कप उरत नाही.

सगळी फळं मात्र भाजायची नाहीत. सगळ्यात टपोरी वीस-पंचवीस लाल फळं मी बाजूला ठेवते. बोटांनी सोलून बिया काढायच्या, चाळलेली राख चोळायची (इथे राख चालते, कुंडीत नाही) आणि सावलीत पाचेक दिवस सुकवून लगेच पेरायच्या, सपाट बाजू खाली. दीड-दोन महिन्यांनी वाकलेला देठ माती फोडून वर येतो आणि त्याच्या टोकाला बी टोपीसारखं बसलेलं असतं. ती टोपी ओढून काढू नका, आतली दोन गोल पानं स्वतःच ती टाकून देतात. दोन वेगळ्या झाडांच्या या पोरांतलं प्रत्येक रोप वेगळं निघतं, म्हणून एकच कुंडी घेऊन बसलेल्या ओळखीच्यांना मी त्यातलंच एक देते.